दोन स्टार्टचा वर्म जाड नसतो

स्पर गिअरवर हात बसलेल्या माणसाला एक हिशेब तोंडपाठ असतो: मॉड्यूल गुणिले दात म्हणजे पिच व्यास. वर्म व्हीललाही तो लागू पडतो. वर्मला मात्र नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गैरसमज: स्टार्ट वाढले की वर्म जाडावतो आणि सेंटर डिस्टन्स वाढतं.

वर्मचा पिच व्यास स्टार्टवरून निघत नाही. तो मॉड्यूलच्या किती पट ठेवायचा, हे डिझायनर ठरवतो. या पटीला q म्हणतात. समजा अक्षीय मॉड्यूल ४, q १० आणि व्हीलला ४० दात आहेत. मग वर्मचा पिच व्यास ४० मिमी आणि व्हीलचा १६० मिमी. दोन्हींची बेरीज निम्मी केली की सेंटर डिस्टन्स १०० मिमी. या हिशेबात स्टार्ट कुठेच आले नाहीत.

ते येतात लीडमध्ये. शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे अक्षीय पिच, π × ४ = १२.५७ मिमी. वर्मच्या एका फेरीत आटा जितका पुढे सरकतो तो लीड: एका स्टार्टला १२.५७, दोन स्टार्टला २५.१३ मिमी. लीड अँगलचा टॅन्जंट म्हणजे स्टार्ट भागिले q. म्हणून एका स्टार्टला हा कोन ५.७१° येतो आणि दोन स्टार्टला ११.३१°. गुणोत्तर दातांवरून निघतं, अनुक्रमे ४० आणि २०. व्यासांना व्यासांनी भागून ४ काढणारेही भेटतात. तो आकडा इथे निरर्थक आहे.

गैरसमज: मॉड्यूल आणि सेंटर डिस्टन्स जुळलं की कुठलाही वर्म चालतो.

दुरुस्तीत सगळ्यात महाग पडते ती हीच समजूत. वरचे दोन्ही वर्म व्हर्निअरला सारखेच दिसतात: बाहेरचा व्यास ४८ मिमी, पिच १२.५७. पण व्हीलचे दात ज्या वर्मसाठी कापलेले असतात, त्याच्याच लीड अँगलला तिरके असतात. ५.७१° च्या व्हीलवर ११.३१° चा वर्म काटकोनात बसवला, तर दात पूर्ण रुंदीवर न टेकता कोपऱ्यांवर टेकतात. निळा रंग लावून फिरवलं की डाग कडेलाच उमटतो. तरीही रेटून चालवलं तर गिअरबॉक्स तापतो आणि तेलात ब्राँझची चकाकी दिसू लागते. म्हणून पिच मोजून थांबू नये. वर्मच्या टोकाकडून बघून किती आटे सुरू होतात ते मोजावं. काम निमिषाचं, पण व्हर्निअर ते करू शकत नाही. डाव्या-उजव्या आट्याची खात्रीही तेव्हाच करून घ्यावी.

गैरसमज: एका स्टार्टचा वर्म उलटा फिरतच नाही.

५.७१° चा टॅन्जंट ०.१. घर्षणांक साधारण त्याहून जास्त असेल तरच भार जागेवर थांबतो. चांगलं तेल आणि गुळगुळीत आटे असले की घर्षणांक त्याखाली उतरू शकतो, आणि थांबलेली जोडीही हादऱ्यांनी सरकू लागते. त्यामुळे भार उचलणाऱ्या यंत्राला वर्म असला, तरी ब्रेक वेगळा लावावा.