चहाची चिठ्ठी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्या माडीखाली टेम्पो थांबला. दोन पलंग, कूलर, पाण्याचं निळं पिंप आणि सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे उतरले. पालम तालुक्याचं गाव. बदल्यांचे दिवस आले की आमच्या गल्लीतलं एखादं बिऱ्हाड उठतं आणि एखादं नवं येतं. कुणी बँकेतलं, कुणी तहसीलमधलं, कुणी शाळेतलं.

त्याच माडीवर याआधी एक कुटुंब दोन वर्षं राहिलं. ओट्यावर उभी असताना मी त्या घरच्या बाईंना किती वेळा म्हणाले असेन, "या एकदा चहाला." त्याही म्हणायच्या, "येते ना." त्या कधीच आल्या नाहीत आणि एक दिवस सामान भरून निघून गेल्या. चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे "या एकदा" हा निरोप घेण्याचा शब्द आहे. त्यात वार नाही, वेळ नाही, म्हणून ऐकणाराही ते बोलावणं धरत नाही. या वेळी मी ठरवलं की वार आणि वेळ घालून चिठ्ठीच लिहायची. समोरासमोर विचारलं तर माणसाला उंबऱ्यातच हो-नाही सांगावं लागतं. चिठ्ठी हातात असली की घरात विचार करायला सवड मिळते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, पत्रलेखनही शिकवलं. तरी पहिल्या ओळीवरच अडले. जुन्या पत्रांचा मायना 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वयानं लहान असेल तर 'अनेक उत्तम आशीर्वाद'. पण समोरच्या बाई माझ्यापेक्षा किती लहान, कोणत्या हुद्द्यावर, मला काय ठाऊक? 'सौ.' लिहावं तर घरात पुरुष दिसला नव्हता. 'श्रीमती' हा शब्द सरकारी कागदावर सगळ्या बायकांना चालतो, पण गावात अजूनही कितीतरी जण तो विधवेसाठीच समजतात. कुणाला न भेटताच त्यांच्या कपाळाविषयी काही ठरवून टाकणं मला पटेना. दोन्ही खोडले.

कागदाच्या माथ्यावर हात सवयीनं 'श्री' काढायला गेला, तिथंही थांबले. लग्नपत्रिकेसारखं कुंकवाचं बोट लावायचाही विचार आला होता. आमच्या गल्लीत राम राम घालणारे आहेत, जय भीम म्हणणारे आहेत, सलाम करणारेही आहेत. समोरचं घर यांतलं कोणतं, हे चिठ्ठीला माहीत असायची गरज नाही. 'नमस्कार' एवढंच ठेवलं.

मग स्वतःची ओळख. आपल्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, "गाव कोणतं?" आणि लगेच दुसरा, "आडनाव काय?" दुसऱ्या प्रश्नातून काय चाचपायचं असतं हे विचारणाऱ्यालाही कळतं आणि सांगणाऱ्यालाही. भाड्यानं घर शोधताना हा प्रश्न किती घरमालकांनी केला असेल, ते त्या बाईंनाच ठाऊक. म्हणून पहिल्या मसुद्यातलं 'आपण मूळच्या कुठल्या?' हे वाक्य मी काढून टाकलं. चिठ्ठीत आपण आपलं सांगावं. त्यांना काय सांगायचं ते त्या सांगतील.

शेवटी शाळेच्या वहीच्या अर्ध्या पानावर हे उतरलं:

"नमस्कार. तुमच्या समोरच्या, निळ्या दाराच्या घरात मी राहते. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. घरी मी आणि माझे यजमान, मुलगा नांदेडला असतो. रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे चहाला याल का? घरात जे कुणी असतील ते सगळे या. फक्त चहाच आहे, अर्ध्या तासाची बैठक. त्या दिवशी जमलं नाही तर दुसरा दिवस ठरवू, कळवायची घाई नाही. आणखी एक, आपल्या गल्लीत नळ रोज येत नाही. उद्या सकाळी सहाला येईल, तासभर राहील. पिंप भरून ठेवा."

खाली नाव आणि फोन नंबर.

'फक्त चहा' मुद्दाम लिहिलं. माझ्या मनात सुशीला करायची होती, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, शेंगदाणे घालून. पण खायला बोलावलं की समोरच्याला हिशेब पडतो. उपवास असेल, पथ्य असेल, परक्या घरी जेवणखाण चालतं का हाही प्रश्न असेल, आणि रिकाम्या हातानं कसं जावं ही काळजी वेगळीच. चहा बहुतेक उपवासांना चालतो. नको असला तर अर्धा कप घेऊन उठताही येतं. वेळ पाचची ठेवली, कारण त्याच्या आधी जूनमध्ये आमची बैठकीची खोली पत्र्यामुळे तापलेली असते आणि सातनंतर सगळ्यांच्या स्वयंपाकाची वेळ होते.

संस्कृत व्याकरणात निमंत्रण आणि आमंत्रण यांत फरक केलेला आहे. निमंत्रण म्हणजे जायलाच हवं असं बोलावणं, आमंत्रण म्हणजे आपल्या इच्छेवर सोडलेलं. मराठीत आपण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो, पण शेजाऱ्याच्या चिठ्ठीत हा फरक पाळायला हवा असं मला मनापासून वाटतं. 'कळवायची घाई नाही' हे वाक्य त्यासाठीच आहे. नाही म्हणायची वाट मोकळी असेल तरच माणूस मोकळ्या मनानं येतो.

पाण्याची ओळ शेवटी सुचली आणि चिठ्ठीत तीच सगळ्यांत कामाची होती. नव्या बिऱ्हाडाला पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याच्या स्वभावापेक्षा नळाची वेळ अधिक लागते.

चिठ्ठी घडी करून दाराच्या कडीत अडकवली. हे मात्र चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला नाही. साडेसहा झाले तेव्हा मी रस्त्यातूनच हाक मारली, "ताई, नळ आलाय!" त्या धावत खाली आल्या. कडीतला कागद त्यांना कसलं तरी बिल वाटला होता, म्हणून तसाच खिडकीत ठेवलेला. घडीवर बाहेरून 'समोरच्या घरातून' एवढं लिहायला हवं होतं. किंवा बाई घरी असताना हातातच दिली असती, तरी चाललं असतं.

रविवारी पाच वाजून गेले. चहाचं आधण मी पावलं वाजेपर्यंत ठेवलं नाही, फक्त गवती चहा धुऊन, आलं ठेचून ठेवलं होतं. पाच-दहाला त्या एकट्याच आल्या. "काकू, आई पण आहे घरी, पण तिला जिना उतरवत नाही," म्हणाल्या. मग साखर किती घालू हे विचारल्यावर, "मला एक चमचा, आईला अजिबात नको." बँकेत बदली होऊन आल्या होत्या, आई आणि त्या दोघीच. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कपाच्या वेळी, मी न विचारता सांगितलं.

आईसाठी बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये भरून दिला. मंगळवारी थर्मास परत आला, स्वच्छ धुतलेला, आत मूठभर भाजके शेंगदाणे. झाकणाला रबरानं बांधलेली चिठ्ठी होती. घडीवर बाहेरून लिहिलं होतं, 'माडीवरून'. आत एकच ओळ: "काकू, शनिवारी सकाळी साडेदहाला आईला भेटायला याल का? नळ त्या दिवशी नाही, मी विचारून घेतलंय."