१० डिसेंबर १९१५ चं पान

लुई बार्तास हा दक्षिण फ्रान्समधला, लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. ओड प्रांतातल्या पेरियाक-मिनेर्व्हा या द्राक्षमळ्यांच्या गावात तो राहत असे. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं, विचारांनी समाजवादी, घरी बायको आणि दोन मुलं. ऑगस्ट १९१४ मध्ये लढाईचं बोलावणं आलं तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. पुढची जवळजवळ चार वर्षं तो पायदळात होता आणि जे पाहिलं ते टिपून ठेवत होता. त्या टिपणांतलं एक पान उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा भागातलं, नव्हिल-सँ-व्हास्त या गावाजवळचं आहे.

या भागात त्या वर्षी वसंतात आणि पुन्हा शरदात मोठ्या लढाया झाल्या होत्या. तोफगोळ्यांनी जमीन इतकी उकरली गेली होती की पाणी वाहून जायला वाटच उरली नव्हती. डिसेंबर लागला आणि दिवसचे दिवस पाऊस पडत राहिला. खंदकांच्या मातीच्या भिंती भिजून ढासळू लागल्या, झोपायच्या भुयारांची छपरं खचली, चिखल वर वर चढत गेला. १० डिसेंबरला पुढच्या रांगेत अनेक ठिकाणी शिपायांना बुडून मरायचं नसेल तर खंदकाबाहेर येणं भाग पडलं. समोरच्या जर्मनांचीही तीच गत झाली. एरवी डोकं वर काढलं की गोळी यायची. त्या दिवशी दोन्ही सैन्यं उघड्यावर समोरासमोर उभी होती आणि कुणीही गोळी झाडली नाही.

बार्तास लिहितो की त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि समोरचीही आपल्यासारखीच माणसं आहेत हे त्यांना दिसलं. आधी हसणं झालं, मग दोनचार शब्द, मग हस्तांदोलन. तंबाखू इकडून तिकडे गेली, कॉफी आणि वाइनचे घोट वाटून घेतले गेले. एक धिप्पाड जर्मन उंचवट्यावर चढून भाषण करू लागला. त्याची भाषा फ्रेंचांना कळत नव्हती, पण संतापाच्या भरात त्याने स्वतःची बंदूक झाडाच्या बुंध्यावर आपटून मोडली तेव्हा अर्थ सगळ्यांना कळला. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या आणि कामगार चळवळीचं ‘इंटरनॅशनल’ हे गीत गायलं गेलं.

वरिष्ठांना हे कळताच धमक्या सुरू झाल्या. अशी गर्दी दिसली तर आपल्याच तोफखान्याने त्यावर मारा करावा, मग खाली फ्रेंच असोत की जर्मन, असा हुकूम निघाल्याचं बार्तास नोंदवतो. मला हे वाक्य साऱ्या पानात सर्वांत भयंकर वाटतं.

आता हे पान खरं किती मानायचं? बार्तासने आघाडीवर टिपणं काढली आणि घरी पत्रंही लिहिली. पण आज उपलब्ध असलेला सलग मजकूर त्याने युद्धानंतर शाळेच्या १९ वह्यांमध्ये उतरवून काढला, मध्ये चित्रपोस्टकार्डं डकवली. म्हणजे चिखलात बसून त्याच दिवशी लिहिलेलं हे पान नव्हे. त्यात पुढच्या वर्षांचा राग आणि लिहिणाऱ्याची राजकीय मतं मिसळली असणार. जर्मनाच्या भाषणाचा अर्थ तर उघडच त्याने स्वतः लावलेला आहे. दुसरीकडे, पलटणीच्या अधिकृत नोंदवहीवर विसंबूनही भागत नाही, कारण शत्रूशी हात मिळवल्याची गोष्ट लिहून कुठला अधिकारी स्वतःवर बालंट ओढवून घेईल? अशा वेळी त्याच भागातल्या इतर शिपायांची टिपणं आणि पत्रं उपयोगी पडतात. डिसेंबर १९१५ मधला पूर आणि त्यानंतरच्या भेटीगाठी त्यांतही आहेत. त्यामुळे घटना घडली यात शंका नाही. एखाद्या प्रसंगाचा रंग मात्र बार्तासचा आहे.

या वह्या अनेक वर्षं घरातच राहिल्या. १९५२ मध्ये बार्तास वारला. इतिहासकार रेमी काझाल यांनी त्या संपादित केल्या आणि १९७८ मध्ये पुस्तक निघालं. त्या १० डिसेंबरच्या पानावर बार्तासने एक इच्छा लिहून ठेवली होती: युद्धाचा तिटकारा असूनही एकमेकांना मारायला भाग पाडलेल्या माणसांच्या या बंधुभावाचं स्मारक कदाचित कधीतरी या आर्त्वाच्या कोपऱ्यात उभं राहील. १७ डिसेंबर २०१५ रोजी नव्हिल-सँ-व्हास्त इथे ते उभं राहिलं आणि फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांनी त्याचं उद्घाटन केलं.

या स्मारकामुळे तेवढं एकच पान लोकांना ठाऊक झालं आहे. वह्यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये ‘पोइलू’ या नावाने आला आहे. मिळाला तर मागची-पुढची पानंही वाचा. पाऊस, उवा, थंडगार जेवण आणि कारण नसताना दिलेले हुकूम यांनी ती भरलेली आहेत. ती वाचल्याशिवाय १० डिसेंबरला ते शिपाई कोणत्या मनःस्थितीत बाहेर आले हे समजणार नाही.