अनुकृतिविश्वाचा युक्तिवाद : प्रमाण, संशय आणि पुराव्याची मर्यादा

देकार्तने १६४१ साली कल्पिलेला कपटी दैत्य ही केवळ एक शक्यता होती. तो नाही असे सिद्ध करता येत नाही, एवढेच त्याचे बळ. निक बॉस्ट्रॉम यांनी २००३ साली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकात मांडलेल्या युक्तिवादाची जात निराळी आहे. आपण संगणकाने घडविलेल्या अनुकृतीत जगत असू, ही शक्यता येथे विज्ञानाच्याच आधारे तोलली जाते.

जाणीव मेंदूच्या द्रव्यावर नव्हे, तर त्यातील प्रक्रियांच्या रचनेवर अवलंबून असते, हे त्याचे गृहीतक. ते मानल्यास तीन विधानांपैकी किमान एक खरे ठरते : अशी अनुकृती घडविण्याची क्षमता येण्यापूर्वीच जवळजवळ सर्व मानवसदृश संस्कृती लयास जातात, क्षमता आलेल्यांपैकी जवळजवळ कोणीही पूर्वजांच्या अनुकृती घडवीत नाही, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे अनुकृतीत आहोत. तिसरेच विधान खरे, असा बॉस्ट्रॉम यांचा दावा नाही. त्यांचा निष्कर्ष म्हणजे हा त्रिविकल्प होय.

समजा, हजारांतील एकच संस्कृती त्या अवस्थेला पोहोचते आणि दहा लाख अनुकृती घडविते. प्रत्येकीत मूळ इतिहासाइतकीच माणसे आहेत. मग एका मूळ इतिहासामागे सरासरी १,००० अनुकृत इतिहास येतात. म्हणजे दर १,००१ व्यक्तींमागे १,००० अनुकृत ठरतात. मात्र हे झाले प्रमाण. त्यावरून ‘मी अनुकृत असण्याची संभाव्यता’ काढण्यासाठी आणखी एक तत्त्व लागते : मी कोणत्या गटातील, हे सांगणारा पुरावा नसेल, तर माझा विश्वास त्या प्रमाणाइतका असावा.

येथेच पुराव्याचा पेच उद्भवतो. संगणकाच्या अंतिम क्षमतेचा अंदाज आपण आपल्या विश्वातील भौतिकीवरून बांधतो. पण हे विश्व अनुकृत असेल, तर ही भौतिकी मूळ विश्वाची असेलच असे नाही. कादंबरीतील पात्राने कथेतल्या कागदाच्या भावावरून, ती कादंबरी छापणाऱ्या मुद्रकाचा खर्च ठरवावा, तसे हे होईल.

यावर एक उत्तर संभवते. आपण अनुकृत नसलो, तर आपली भौतिकी मूळ विश्वाचीच ठरते आणि गणिताचा आधार टिकतो. अनुकृत असलो, तर तिसऱ्या विधानाचा आशय खराच ठरतो. या उत्तराने त्रिविकल्प बहुधा तरतो. परंतु वरची संख्या तरत नाही. दुसऱ्या पर्यायात मूळ विश्वातील संस्कृती किती आणि अनुकृती किती, हे मोजण्याचे साधनच आपल्यापाशी उरत नाही.

म्हणून हा युक्तिवाद सर्वव्यापी संशयाचे रूप घेऊ शकत नाही. देकार्तच्या संशयाला बाह्य जगाविषयीचे काहीही खरे मानावे लागत नव्हते. या युक्तिवादाला मात्र निदान आरंभी आपल्या विज्ञानावर विसंबावेच लागते. त्या विज्ञानावर संशय जितका वाढवावा, तितका त्या संशयाला जन्म देणाऱ्या गणिताचाच पाया खचत जातो.