दोन चौकटी, एकच क्षण

1913 साली अमेरिकेत लोइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांनी ‘सस्पेन्स’ नावाचा जेमतेम दहा मिनिटांचा मूकपट केला. त्यात एका प्रसंगात पडद्याचे तीन त्रिकोण होतात. एकात घरात घुसू पाहणारा भुरटा, दुसऱ्यात फोनवर बोलणारी घाबरलेली बायको आणि तिसऱ्यात तिचं बोलणं ऐकणारा नवरा. हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडताहेत, हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. पडदा विभागला की आपली नजर आपोआप धरून चालते की सगळ्या चौकटींत घड्याळ एकच आहे.

आज हीच विभागणी फोनवर दोन मिनिटांत करता येते. क्लबचे प्रशिक्षक खेळाडूची जुनी आणि नवी क्लिप शेजारी ठेवून दाखवतात, कुणी चित्रपटाचा ट्रेलर बघतानाचा आपला चेहरा कोपऱ्यात लावतो. पहिल्या प्रकाराला स्प्लिट स्क्रीन म्हणतात, दुसऱ्याला पिक्चर-इन-पिक्चर. चौकटी जोडण्याचं काम ॲप करतं, पण त्या चौकटींतलं घड्याळ खरोखर एक आहे का, हे ॲपला कळत नाही. ते जुळवणं हेच यातलं खरं काम. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन ते कसं करायचं ते पाहू.

समजा, सोळा वर्षांचा एक वेगवान गोलंदाज आहे. चेंडू टाकताना त्याचा पुढचा गुडघा वाकतो, अशी त्याच्या सरांची तक्रार होती. जूनमध्ये एक क्लिप काढली, तीन महिने मेहनत झाली, सप्टेंबरमध्ये दुसरी काढली. आता दोन्ही एकत्र लावून फरक पडला का ते बघायचंय.

पहिला प्रश्न पडदा कसा कापायचा हा. बहुतेक लोक सवयीनं उभी रेघ मारून डावा-उजवा भाग करतात. पण ही क्लिप बाजूनं घेतलेली आहे, गोलंदाज डावीकडून उजवीकडे धावतोय. 1920 बाय 1080 पिक्सेलच्या पडद्याचे उभे दोन भाग केले की प्रत्येकाला फक्त 960 पिक्सेल रुंदी उरते आणि रनअप सुरू होतो न होतो तोच पोरगा चौकटीबाहेर जातो. आख्खी क्लिप बसवायची म्हटली तर ती 960 बाय 540 इतकी आक्रसते आणि वर-खाली काळे पट्टे येतात. त्यापेक्षा आडवी रेघ मारून वर जून आणि खाली सप्टेंबर ठेवावा. प्रत्येक पट्टी 1920 बाय 540 ची होते, धावायला पूर्ण रुंदी मिळते, आणि महत्त्वाचं म्हणजे वरचा पाय आणि खालचा पाय एकाच उभ्या रेषेत तपासता येतो. हालचाल आडवी असेल तर काप आडवा घ्यायचा. समोरून घेतलेल्या क्लिपमध्ये खेळाडू उभाच्या उभा दिसतो, तिथे डावा-उजवा भाग शोभतो.

मात्र आडव्या पट्टीत मूळ चित्राची निम्मी उंची कापली जाते. म्हणून चित्रण करतानाच खेळाडू फ्रेमच्या मधल्या निम्म्या भागात राहील इतकं मागे उभं राहावं लागतं. उडी आणि वर गेलेला हातही त्या निम्म्यात मावला पाहिजे.

दुसरा प्रश्न आकाराचा. जूनमध्ये फोन थोडा जवळ होता, सप्टेंबरमध्ये थोडा लांब. तशाच क्लिपा लावल्या तर जूनचा मुलगा मोठा दिसेल आणि मोठ्या आकृतीची ढांगही मोठी वाटेल. इथे मोजपट्टी मैदानातच रोवलेली असते. स्टंपची उंची 28 इंच ठरलेली आहे. गोलंदाजाच्या बाजूचे स्टंप जूनच्या क्लिपमध्ये पडद्यावर 90 पिक्सेल भरले आणि सप्टेंबरच्या 75, तर सप्टेंबरची क्लिप 120 टक्के मोठी करायची. मग ते स्टंप वर-खाली एकाच रेषेत येईपर्यंत चित्र सरकवायचं. मोजमाप मुलाच्या उंचीवरून करू नये. तो वाकलेला असतो, उडीत असतो, आणि तीन महिन्यांत वाढलेलाही असू शकतो.

आकार असा जुळवता येतो, कोन नाही. जूनमध्ये फोन क्रीजच्या अगदी रेषेत होता आणि सप्टेंबरमध्ये दोन पावलं मागे, तर गुडघ्याचा कोन वेगळा दिसणारच आणि तो फरक कॅमेऱ्याचा असेल. कुठलंही एडिटिंग हे दुरुस्त करत नाही. ओळखायची खूण अशी, की दोन्ही चित्रांत क्रीजची पांढरी रेघ आणि स्टंप यांचं परस्परांशी नातं सारखं दिसतंय का ते पाहायचं. दिसत नसेल तर ती जोडी गुडघ्याच्या तुलनेसाठी बाद धरावी. म्हणून पहिल्याच दिवशी फोनची जागा आणि उंची मोजून वहीत लिहून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आता घड्याळ. जूनची क्लिप सेकंदाला 60 फ्रेमची, साधी. सप्टेंबरची मात्र फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला 240 फ्रेमनं घेतलेली, आणि फाइल चालते 30 फ्रेमच्या गतीनं. म्हणजे आठपट संथ. दोन्ही टाइमलाइनवर तशाच ठेवल्या तर सप्टेंबरचा मुलगा पाण्याखाली धावल्यासारखा दिसेल. 30 फ्रेमच्या टाइमलाइनवर जूनची क्लिप 50 टक्के वेगानं आणि सप्टेंबरची 400 टक्के वेगानं लावली की दोन्ही खऱ्या वेगाच्या बरोबर निम्म्यावर येतात. आता टाइमलाइनची प्रत्येक फ्रेम दोन्ही पट्ट्यांत सेकंदाचा साठावा भाग दाखवते. याहून संथ करायचा मोह आवरावा. जूनच्या क्लिपमध्ये तेवढ्या फ्रेम मुळातच नाहीत. काही सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतात. लग्नाच्या व्हिडिओत ते चालून जाईल, पण तुलनेत कधीही न टिपलेला गुडघा पुरावा म्हणून दाखवल्यासारखं होईल.

वेग जुळला तरी क्षण जुळवायचा राहतो. क्लिपची सुरुवात सुरुवातीला लावून काही उपयोग नाही, कारण फोनचं बटण दाबण्याचा क्षण योगायोगाचा असतो. दोन्हीकडे नेमकी ओळखता येईल अशी एक घटना शोधायची. इथे दोन पर्याय आहेत, पुढचा पाय जमिनीला टेकतो ती फ्रेम किंवा चेंडू हातातून सुटतो ती फ्रेम. चेंडू सुटताना गुडघा किती सरळ आहे हे बघायचं असेल तर सुटण्याचा क्षण जुळवावा आणि तिथे चित्र थांबवावं. पाय टेकल्यावर चेंडू सुटायला किती वेळ लागतो हे बघायचं असेल तर पाय टेकण्याचा क्षण जुळवावा, मग कुणाचा चेंडू आधी सुटतो ते आपोआप दिसतं. जो क्षण जुळवाल तिथला वेळेचा फरक झाकला जातो आणि उरलेल्या ठिकाणचा उघडा पडतो. त्यामुळे काय दाखवायचंय ते आधी ठरवावं लागतं. दोन्ही क्षण जुळावेत म्हणून एक क्लिप जराशी ताणणं ही चूक सर्रास होते. त्यानं चित्र देखणं होतं आणि ज्या फरकासाठी बसलो तोच पुसला जातो.

या तुलनेला मर्यादाही आहे. ताशी 108 किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला 30 मीटर जातो. सेकंदाला 30 फ्रेमच्या चित्रणात तो एका फ्रेममध्ये एक मीटर पुढे गेलेला असतो, 60 फ्रेममध्ये अर्धा मीटर. चेंडू सुटण्याचा खरा क्षण दोन फ्रेमच्या मध्ये कुठेतरी पडतो, म्हणून जुळवणीत एका फ्रेमची चूक गृहीतच धरायची. आपल्या उदाहरणात सप्टेंबरचा चेंडू एक फ्रेम आधी सुटलेला दिसला तर त्यावरून काही म्हणू नये. तीन फ्रेमचा फरक दिसला आणि चार-पाच चेंडूंत तो तसाच येत राहिला, तर सरांनी खुशाल पाठ थोपटावी.

हीच जोडी आता मुलाला दाखवायची आहे आणि बघतानाचा त्याचा चेहरा, सरांचं बोलणंही टिपायचं आहे. इथे पिक्चर-इन-पिक्चर येतं. खिडकी उजव्या खालच्या कोपऱ्यात टाकायची सवय असते, पण आपला गोलंदाज उजवीकडेच धावत जातो, चेंडूही तिकडेच सुटतो. डावी बाजू मात्र रनअप पुढे सरकला की रिकामी होते. खिडकी तिथे ठेवावी आणि फोन असा लावावा की मुलगा उजवीकडे, म्हणजे मुख्य चित्राकडे बघताना दिसेल. उलट लावलं तर तो पडद्याबाहेर बघतोय असं वाटतं. उभ्या धरलेल्या फोनवर आडवा व्हिडिओ जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसतो. खिडकी त्याच्या पाव रुंदीची केली तर ती दोन सेंटिमीटरही भरत नाही. म्हणून खांद्यापासून वर क्रॉप करून चेहऱ्यानं खिडकी भरून टाकावी, मागची भिंत दाखवून जागा वाया घालवू नये.

इथे मुख्य धागा चेहऱ्याच्या चित्रणाचा धरायचा, क्लिपचा नव्हे. सर मध्येच क्लिप थांबवून दोन मिनिटं बोलतात, मागे नेतात, पुन्हा लावतात. चेहऱ्याचं चित्रण अखंड ठेवून तुलनेची क्लिप त्याप्रमाणे थांबवायची, मागे न्यायची. जुळवणीसाठी क्लिप सुरू करताना एक टाळी वाजवली की आवाजाच्या आलेखात टोक उमटतं आणि काम सोपं होतं. बघणाऱ्यानं इअरफोन लावावेत, म्हणजे क्लिपचा आवाज फोनच्या माइकमध्ये पुन्हा शिरत नाही. तोच आवाज किंचित फरकानं दोनदा ऐकू आला की विहिरीतून आल्यासारखा पोकळ वाटतो. तसं ऐकू आलं की समजावं, दोन ट्रॅकमधला एक बंद करायचा राहिलाय.

जुळवणी चुकल्याची खूण चेहराच देतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. स्टंप उडण्याआधीच मुलगा हसला, तर चेहरा पुढे सरकलेला आहे. सुरुवातीला सगळं बरोबर आणि दहा मिनिटांनी हसू आधी येऊ लागलं, तर दोष फोनचा असतो. बरेच फोन फ्रेमची गती कमी-जास्त करत चित्रण करतात आणि लांब क्लिपमध्ये घड्याळ हळूहळू घसरतं. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Constant Framerate` निवडून फाइल आधी बदलून घेतली तर हे बहुधा टळतं. तपासणी मात्र सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे करावी.

शेवटी एक ओळ पडद्यावर लिहावी: वर जून, खाली सप्टेंबर, दोन्ही निम्म्या वेगानं, चेंडू सुटण्याच्या क्षणी जुळवलेले. बघणाऱ्याची नजर दोन चौकटींत एकच घड्याळ गृहीत धरते. ते कोणत्या क्षणाला लावलंय हे त्याला सांगितलं, तर दिसणारा फरक तो स्वतः तपासू शकतो.