हापूसची पेटी, वेबसाइट आणि एक पानी मागणी

‘आम्हाला वेबसाइट करायची आहे, किती खर्च येईल?’ असा एका ओळीचा मेसेज तीन वेब डिझाइन एजन्सींना पाठवला, तर एकीकडून वीस हजार, दुसरीकडून सत्तर हजार आणि तिसरीकडून दोन लाखांचं कोटेशन येऊ शकतं. कुणी लुबाडत असतंच असं नाही. प्रत्येकीने मनाशी वेगळीच वेबसाइट धरलेली असते.

समजा, देवगडच्या एका बागायतदाराला हापूस थेट घरोघरी विकायचा आहे. त्याचा बहुतेक माल वाशीच्या बाजारात जातो, थोड्या पेट्या ओळखीवर फोनवरून. ‘आकर्षक वेबसाइट हवी’ एवढंच त्याने लिहिलं, तर एजन्सीच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘येत्या हंगामात तीनशे पेट्या पुण्या-मुंबईत थेट जाव्यात आणि ऑर्डर वहीत उतरवून घ्यायचं काम थांबावं’ असं लिहिलं की कामाचा आवाका कळतो.

पानांची यादी यातूनच निघते: मुखपृष्ठ, बागेची माहिती, ऑर्डर, संपर्क. ऑनलाइन पैसे घ्यायचे तर गोपनीयता, अटी आणि परतावा यांची पानंही लागतात. पेमेंट गेटवे कंपन्या खातं मंजूर करताना ती तपासतात. पण खर्च पानांच्या संख्येपेक्षा ऑर्डरच्या पानाने जास्त वाढतो. पिनकोड टाकल्यावर तिथे माल पोहोचतो का, हे दिसायला हवं का? आंबा कधी तयार होईल हे हवामानावर असतं, मग ग्राहकाने नेमकी तारीख निवडायची की फक्त आठवडा? फळ डागी निघालं तर पैसे परत की दुसरी पेटी? ही उत्तरं बागायतदाराकडेच असतात आणि ती मागणीपत्रातच हवीत. काम अर्ध्यावर आल्यावर ती सुचली की ‘वाढीव काम’ म्हणून वेगळं बिल येतं.

बजेट सांगायला बहुतेकजण कचरतात. सांगितलं की तेवढंच लावतील, ही भीती. ‘साठ ते नव्वद हजार, जीएसटी धरून’ असा पल्ला दिला, तर तेवढ्यात काय बसतं आणि काय पुढच्या वर्षावर टाकावं, हे एजन्सी सांगू शकते. या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ‘धरून’ की ‘सोडून’ यात हजारोंचा फरक पडतो. डोमेन बागायतदाराच्याच नावावर राहील ना आणि दुसऱ्या वर्षापासून होस्टिंग व देखभालीचे किती, हेही लेखी मागावं.

वेळापत्रक उलटं मोजायचं. मार्चमध्ये पेट्या निघणार असतील तर नोंदणी फेब्रुवारीत सुरू व्हावी, चाचणीच्या ऑर्डरी जानेवारीत, म्हणजे काम उशिरात उशिरा ऑक्टोबरात एजन्सीच्या हाती. काम बऱ्याचदा अडतं ते मजकूर आणि फोटोंपाशी. ऑक्टोबरात झाडावर आंबा नसतो, म्हणून झाडावरच्या फळांचे आणि पेटी भरतानाचे फोटो आधीच्या एप्रिल-मेमध्येच काढून ठेवावे लागतात.