फ्रेंच मॅनेजरकडे कोर्सचे पैसे मागताना

समजा, पुण्याहून लियोंला गेलेली एक इंजिनिअर चाळीस जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या सहा जणांच्या टीममध्ये नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं एकाच ज्येष्ठ सहकाऱ्याला जमतं. ऑगस्टमध्ये तो तीन आठवडे सुट्टीवर गेला की ते काम ठप्प. हिला ते शिकायचं आहे. कोर्स तीन दिवसांचा, फी कर सोडून २,१०० युरो.

अशा वेळी बहुतेक जण ‘माझ्या प्रगतीसाठी’ अशी सुरुवात करतात. पण मॅनेजर तोच ईमेल बहुधा एचआरकडे पाठवणार असतो, आणि तिथे तिची प्रगती कुणाच्या खिजगणतीत नसते. म्हणून पहिल्या परिच्छेदात ऑगस्टच यावा: गेल्या वर्षी कोणती कामं अडली, ग्राहकाला किती थांबावं लागलं.

मग मागणी. ‘ज व्ह’, म्हणजे ‘मला हवंय’, हे फ्रेंच कानाला उद्धट वाटतं. ‘ज सुएतरे स्विव्र सेत फॉर्मासियों’, म्हणजे ‘हे प्रशिक्षण घ्यावं अशी माझी इच्छा आहे’, हे शोभतं. मात्र टीमला काय मिळणार हे सांगताना हा संकोच सोडावा आणि सरळ भविष्यकाळ वापरावा: परतल्यावर दोन तासांचं सत्र घेईन, कामाच्या पायऱ्या लिहून ठेवीन, जुलैपर्यंत एकदा स्वतः आवृत्ती चढवून दाखवीन. इथे ‘शक्य झाल्यास’ घातलं की सगळा युक्तिवाद ढिला पडतो. रोज ‘त्यू’ म्हणजे अरेतुरे चालत असेल, तर ईमेलमध्ये अचानक ‘वू’ नको, परकेपणा येतो.

पैसा कुठून, हेही तिनेच सुचवावं. कंपनी ‘प्लां द देव्हलोपमां दे काँपेतांस’ या कौशल्यविकास आराखड्यातून खर्च करू शकते. पन्नासपेक्षा कमी कर्मचारी असतील तर ‘ओपको’ या क्षेत्रनिहाय संस्थेकडून मदत मिळू शकते; सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी बहुधा ‘आत्लास’. तो अर्ज कंपनीने कोर्स सुरू होण्याआधी करायचा असतो. म्हणून ‘दवी’ म्हणजे खर्चाचं अंदाजपत्रक, अभ्यासक्रम आणि दोन पर्यायी तारखा ईमेलला जोडाव्यात. त्या तारखा नव्या आवृत्तीच्या आठवड्यात नसाव्यात, आणि त्या तीन दिवसांत तिचं काम कोण बघणार तेही त्या सहकाऱ्याला विचारून लिहावं. माझ्या मते होकार बऱ्याचदा इथेच अडतो. फीपेक्षा ती तीन दिवस नसणं मॅनेजरला जास्त खुपतं.

मॅनेजर नाही म्हणू शकतो, आणि या मार्गात त्याचं मौन म्हणजे होकार नव्हे. स्वतःच्या ‘सेपेएफ’ या प्रशिक्षण खात्यातून, पण कामाच्या वेळेत शिकायचं असेल तर नियम वेगळा: सहा महिन्यांहून लहान कोर्ससाठी किमान ६० दिवस आधी परवानगी मागायची, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर ती मिळाली असं धरायचं.