पार्सल पोचलं, आता आई-बाबांना काय कळवाल?

परदेशातून आई-बाबांना जाणारा आभाराचा निरोप बहुतेक वेळा दोन ओळींचा असतो. ‘पार्सल मिळालं. सगळं मस्त आहे.’ तेवढ्यानेही घरी आनंद होतो, पण पुढचं खोकं भरताना त्याचा काही उपयोग होत नाही. कुठली पुडी फुटली, काय मऊ पडलं, कशाला वास आला, हे त्यांना कळतच नाही. साताऱ्याहून शिकागोला आलेल्या फराळाच्या पार्सलबद्दल मी माझ्या आई-बाबांना पाठवलेला निरोप म्हणूनच जरा लांब होता. तो असा:

‘आई, बाबा, खोकं काल संध्याकाळी पोचलं. एक कोपरा चेपलाय, पण आतलं सगळं जागच्या जागी आहे. आई, कैरीच्या लोणच्याचा एक थेंबसुद्धा बाहेर आला नाही. तू सांगितलंस तसं ते कोरड्या बरणीत काढलं आणि फोडी बुडतील एवढं तेल तापवून, गार करून वरून घातलं. चिवडा अगदी कुरकुरीत आहे. चकल्या वरच्या डब्यातल्या अख्ख्या आहेत, खालच्या डब्यातल्या निम्म्या मोडल्या. दाण्याची चटणी मात्र खवट लागतेय, ती पुढच्या वेळी नको. बाबा, प्रत्येक पुडीवर तुम्ही इंग्रजीत नाव लिहिलंत, ते फार बरं केलंत. तुम्ही दोघं किती राबला असाल, ते एकेक पुडी सोडताना कळत होतं. मनापासून आभार.’

या निरोपातल्या प्रत्येक ओळीमागे एक कारण आहे. ते समजून घेतलं, तर पाठवणाऱ्याचे कष्ट वाया जाणार नाहीत.

आधी लोणचं. लोणचं तेलामुळे टिकतं असं अनेकांना वाटतं. खरं तर ते टिकतं मिठामुळे आणि कैरीच्या आंबटपणामुळे. एक किलो फोडींना आई पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम मीठ घेते. मीठ-हळद लावून फोडी रात्रभर ठेवल्या की त्यांना पाणी सुटतं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि उरलेल्या पाण्यात स्वतः मुरतं. अशा खारट आणि आंबट पाण्यात बहुतेक जंतूंना वाढता येत नाही. मोहरीची डाळ, हिंग आणि मेथी यांनी चव येते आणि टिकाऊपणालाही थोडा हातभार लागतो. तेलाचं काम यापुढचं. ते हवा अडवतं. बुरशीला हवा लागते, म्हणून ती नेहमी तेलाच्या वर डोकावणाऱ्या फोडीवर धरते. बाजारातल्या तेलातल्या लोणच्यासाठी आपल्याकडे जे अन्नमानक आहे, त्यातही फोडींवर किमान अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर किंवा लोणच्यात ठरावीक प्रमाणात तेल असावं अशी अट आहे.

‘अलीकडे मीठ कमी खातो’ म्हणून परदेशी पाठवायच्या लोणच्यात मीठ कमी करणं धोक्याचं ठरतं, ते यामुळेच. कमी मीठ हवं असेल, तर लोणचं ताटात कमी वाढून घ्यावं, बरणीतलं प्रमाण मोडू नये. दुसरी काळजी वयाची. नव्या लोणच्यात अजून पाणी सुटत असतं आणि कधी कधी वायूही तयार होतो. बंद पिशवी त्याने फुगते. निदान महिनाभर मुरलेलं लोणचंच प्रवासाला काढावं. मे-जूनमध्ये घातलेलं लोणचं दिवाळीच्या पार्सलला उत्तम, कारण तोवर फोड मऊ होऊन खार घट्ट झालेला असतो.

मग ते सांडतं का? याचं उत्तर विमानात आहे. उंचावर विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांश इतका उतरू शकतो. बरणीत अडकलेली हवा त्यामुळे एक तृतीयांशाने फुगू पाहते. खोकं आडवं पडलेलं असेल, तर ही फुगलेली हवा झाकणाच्या आट्यांतून तेल बाहेर ढकलते. झाकण कितीही घट्ट लावलं, तरी तेल वाट काढतं. काचेची बरणी जड असते, आणि फुटली तर सगळं खोकं गेलंच.

आईने यावर उपाय केला तो असा. लोणच्यावरचं मोकळं तेल तिने काढून घेतलं आणि अंगाला लागलेल्या तेलासकट फोडी व मसाला जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला. हाताने दाबून सगळी हवा काढली. हवाच नसल्यामुळे आत फुगायला काही उरलं नाही, आणि हवा नाही म्हणजे बुरशीचीही भीती कमी. पिशवीचं तोंड कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मशीनवर दोनदा सील करून घेतलं. सील करायच्या जागी तेलाचा बोट लागलं, तर प्लॅस्टिक नीट चिकटत नाही. म्हणून पिशवी भरताना तिचं तोंड बाहेरून दुमडून घ्यायचं आणि भरून झाल्यावर सरळ करायचं. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि भोवती जुन्या सुती साडीचा तुकडा. सांडलंच, तर तेल कापड पिऊन घेतं, शेजारच्या चिवड्यापर्यंत जात नाही.

पार्सल पोचल्यावरचं काम आपलं. लोणचं लगेच धुतलेल्या आणि पूर्ण सुकलेल्या बरणीत काढावं, कोरड्या चमच्याने दाबून बसवावं आणि तापवून पूर्ण गार केलेलं तेल वर घालावं. थंडीच्या देशात शेंगदाणा तेल पांढरट होऊन थिजतं. ते बिघडलेलं नसतं, घरातल्या उबेत पुन्हा पातळ होतं. पण फोडींवर पांढरा-हिरवा केसाळ थर दिसला, फेस येत असेल किंवा पिशवी टम्म फुगून आली असेल, तर जीव कितीही हळहळला तरी ते लोणचं टाकून द्यावं. वरचा थर काढून खालचं खाऊ नये, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या खालीही पसरलेली असते.

तळणीच्या आणि भाजणीच्या पदार्थांची गोष्ट वेगळी. त्यांचे शत्रू दोन, ओल आणि हवा, आणि दोघांनी केलेलं नुकसान वेगवेगळं दिसतं. ओलीने पदार्थ मऊ पडतो. गरम चिवडा डब्यात भरला, तर त्याची वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन परत खाली येते. कढीपत्ता पुरता कुरकुरीत झाला नाही, तर त्यातली ओलही पोहे मऊ करते. म्हणून चिवडा परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरावा. मऊ पडलेला चिवडा किंवा चकली ओव्हनमध्ये दीडशे अंश सेल्सिअसवर पाच-सात मिनिटं ठेवली की बहुधा पूर्ववत होते.

खवटपणाला मात्र इलाज नाही. तेलाचा हवेशी, उजेडाशी आणि उष्णतेशी संबंध आला की ते हळूहळू बिघडतं, आणि जुन्या तेलासारखा वास येतो. अख्ख्या दाण्याला हा त्रास उशिरा होतो. दाणा कुटला की त्यातलं तेल सगळीकडून उघडं पडतं, म्हणून दाण्याची चटणी लवकर खवट होते. मी तीच नको म्हटलं, कारण दाणे इथे मिळतात आणि कुटून चटणी घरी करता येते. एकदा तळणात वापरलेलं तेल पार्सलच्या पदार्थांना वापरू नये, हाही नियम त्याच कारणाने. कारखान्यातल्या पाकिटांत हवेऐवजी नायट्रोजन भरतात. घरी ते जमत नाही, म्हणून पिशवी भरगच्च भरावी, आत मोकळी जागा ठेवू नये आणि खोकं निघायच्या आदल्या दोन-तीन दिवसांतच तळण करावं.

मोडतोड टाळायची तर पदार्थ निवडूनच पाठवावेत. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू सुखरूप पोचतात. करंजीच्या कडा तुटतात. चकली लहान वेढ्यांची करून गोल डब्यात एकावर एक रचावी आणि उरलेल्या जागेत कागद कोंबावा, म्हणजे ती आत हलत नाही. खालच्या डब्यातल्या चकल्या मोडल्या, कारण त्यांच्यावर लोणच्याचं वजन होतं. जड ते तळाला, हलकं ते वर, एवढं पाळलं तरी पुरे. ओल्या नारळाचे रव्याचे लाडू मात्र पाठवूच नयेत, ते वाटेतच आंबतात.

आता सीमेवरची तपासणी. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना तिथल्या अन्न-औषध खात्याला द्यावी लागते. पण एखाद्याने स्वतःच्या घरी केलेला पदार्थ स्वतःच भेट म्हणून पाठवला, तर त्या सूचनेतून सूट आहे. म्हणून ‘घरी केलेलं कैरीचं लोणचं, भेट’ असं पुडीवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं ‘खाऊ’ लिहिलं, तर तपासणाऱ्याला खोकं फोडावं लागतं. कमी किमतीच्या पार्सलांना असलेली करमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, तेव्हा पाठवण्याआधी कुरिअरवाल्याला किंवा टपाल कार्यालयात सध्याचा नियम विचारून घ्यावा.

ऑस्ट्रेलियाचे नियम सर्वांत कडक. आपल्याकडे गुरांना लाळ्या खुरकूत होतो, म्हणून दुधाचे पेढे, बर्फी तिथे चालत नाहीत. ब्रिटनमध्येही भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मटणाचं लोणचं तर बहुतेक ठिकाणी जप्तच होतं. जे नेत असू ते अर्जात लिहावं. लपवल्यास दंड होतो. कोणी सामानातून नेणार असेल, तर खोबऱ्याच्या वाट्या देऊ नयेत. सुक्या खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भारतात ते विमानाच्या चेक-इन सामानात न्यायला २०२२ पासून बंदी आहे.

परदेशात असलेल्या प्रत्येकाला म्हणूनच माझी विनंती आहे. पुढचं पार्सल उघडाल तेव्हा आधी फोटो काढा आणि मग घरी चार गोष्टी कळवा: किती दिवसांनी पोचलं, काय सांडलं किंवा मोडलं, काय मऊ किंवा खवट झालं, आणि काय पुन्हा हवं. शेवटचं आवर्जून लिहा. ‘सगळंच मस्त’ म्हटलं, तर आई पुढच्या वर्षीही सगळंच करायला घेईल. तिचे गुडघे दुखत असतील, तर ‘फक्त लोणचं आणि चिवडा पाठव, बाकी इथे करते’ असं सांगणं हेसुद्धा आभारच आहेत.